वकिलाची नोटीस आलीय, "१५ दिवसांत घर खाली करा" म्हणतेय: ती वाचायची कशी आणि मुदत मोजायची कुठून?

प्रश्न: पुण्यात पेठेतल्या वाड्यात आम्ही आजोबांपासून भाड्याने राहतो. वाडा विकला गेलाय म्हणे, आणि नवीन मालकाच्या वकिलाची इंग्रजीत पाच पानी नोटीस आलीय. थकबाकी भरा, १५ दिवसांत घर खाली करा, भाच्याला पोटभाडेकरू ठेवलाय, असं बरंच काही आहे. नक्की काय मागितलंय आणि कधीपर्यंत? १५ दिवसांनी खरंच बाहेर काढतील का?

उत्तर:

शेवटचं आधी सांगते. सोळाव्या दिवशी कोणी येऊन तुम्हाला बाहेर काढू शकत नाही, त्यासाठी कोर्टाचा हुकूमनामा लागतो आणि नोटीस म्हणजे हुकूमनामा नव्हे. पण म्हणून ती ड्रॉवरमध्ये टाकायची नाही, कारण त्या पाच पानांत कुठेतरी एक खरी मुदत लपलेली असते आणि ती बहुतेक वेळा १५ दिवसांची नसते.

मी वीसएक वर्षं घरमालक-भाडेकरूचीच कामं करते, दोन्ही बाजूंनी. म्हणजे अशा नोटिसा मी स्वतःही लिहिल्यात, त्यामुळे आतून कशा रचलेल्या असतात ते ठाऊक आहे. तुम्ही आकडे दिलेले नाहीत म्हणून माझ्याकडे आलेलीच एक नोटीस घेते, तारखा २०२५ च्या, नाव-गाव काढलंय आणि आकडे थोडे बदललेत. प्रकरण तुमच्यासारखंच, जुना वाडा, दोन खोल्या, महिना ४०० रुपये भाडं, भाडेकरू एक आजी.

पहिली गोष्ट पाकीट. लोक पाकीट फाडून टाकतात आणि नोटीस जपून ठेवतात, खरं तर दोन्ही जपायचं असतं. आजींच्या नोटिशीवर तारीख होती २ जून, पोस्टाचा शिक्का ५ जूनचा, आणि पोस्टमनने हातात दिली ११ जूनला. या तीन तारखांपैकी तुमच्या कामाची शेवटची, मिळाल्याची. नोटिशीवर वकील ऑफिसात बसून टाइप करतो ती तारीख असते, तिचं मोजणीशी काही देणंघेणं नाही. पाकिटावर बारकोडखाली नंबर असतो, तो पोस्टाच्या साइटवर टाकला की कुठल्या दिवशी डिलिव्हर झाली ते दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा, काही महिन्यांनी ती माहिती तिथे दिसेलच असं नाही.

आणि हो, पोस्टमनला "घेत नाही" म्हणून परत पाठवणं हा शहाणपणा नाही. "रिफ्यूज्ड" असा शेरा मारून पाकीट परत गेलं की कोर्ट सहसा नोटीस मिळाली असंच धरतं. म्हणजे मुदत चालू होते आणि आत काय लिहिलंय ते मात्र तुम्हाला माहीत नसतं. नोटीस वारलेल्या आजोबांच्या नावाने आली तरी तेच, "माणूसच नाही तर नोटीस कसली" म्हणून गप्प बसू नका, त्या मुद्द्याचा उपयोग पुढे वकील करेल.

आता नोटीस मागून वाचा. खरंच, शेवटच्या पानापासून. नोटिशीचे पहिले तीन-चार परिच्छेद म्हणजे मालकाच्या बाजूची गोष्ट असते, माझे अशील सदर मिळकतीचे मालक आहेत, आपण अमुक भाड्याने भाडेकरू आहात, आपण असं केलंत, तसं केलंत. हे आरोप आहेत, मागण्या नाहीत. मागणी सुरू होते तिथे इंग्रजी नोटिशीत "आय हिअरबाय कॉल अपॉन यू" असं काहीतरी येतं आणि मराठी नोटिशीत "सबब सदर नोटिशीने आपणांस कळविण्यात येते की". त्या "कॉल अपॉन"खाली पेन्सिलने रेघ मारा, आणि त्यापुढे प्रत्येक क्रियापद शोधा. भरा, खाली करा, ताबा द्या, खुलासा करा, थांबवा. जितकी क्रियापदं तितक्या मागण्या, आणि प्रत्येक मागणीला आपापली मुदत आहे का ते वेगवेगळं बघायचं. लोक इथेच फसतात, एक "१५ दिवस" वाचून तो सगळ्यालाच लावतात.

आजींच्या नोटिशीत अशा चार मागण्या निघाल्या. १ एप्रिल २०२३ ते ३१ मे २०२५ असं २६ महिन्यांचं भाडं १०,४०० रुपये आणि पालिकेच्या कराचा वाटा ३,९००, म्हणजे एकूण १४,३००, त्यावर १८ टक्के व्याज. दुसरी, जूनअखेर भाडेकरार संपुष्टात येतो, ताबा द्या. तिसरी, ताबा दिला नाही तर रोज ५०० रुपये नुकसानभरपाई. चौथी, नोटिशीचा खर्च ५,००० रुपये. हे सगळं "ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत". शिवाय वरच्या परिच्छेदांत दोन आरोप, भाचा पोटभाडेकरू आहे आणि घर सहा महिन्यांपेक्षा जास्त बंद होतं.

आता खरी मुदत. पुण्यातल्या अशा जुन्या भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू होतो. त्याच्या कलम १५ मध्ये म्हटलंय की भाडं थकलं या कारणावरून ताब्याचा दावा लावायचा तर मालकाने आधी लेखी मागणी करायची आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस थांबायचं. त्या ९० दिवसांत तुम्ही देणं भरलंत तर त्या कारणाचा दमच जातो. नोटिशीत १५ दिवस लिहिले म्हणून हे ९० चे १५ होत नाहीत. मग १५ का लिहितात? महिन्याच्या भाडेकराराला १५ दिवसांची नोटीस असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मध्ये आहे, आणि वकिलांच्या जुन्या मसुद्यांत ते वर्षानुवर्षं तसंच उतरत आलंय. भाडेकरू घाबरून पटकन भरेल किंवा पटकन निघेल हा फायदाही असतोच, खोटं कशाला बोलू.

मोजायचं असं, मिळाल्याचा दिवस सोडून. ११ जून सोडला, १२ ते ३० जून १९ दिवस, जुलैचे ३१ म्हणजे ५०, ऑगस्टचे ३१ म्हणजे ८१, आणि सप्टेंबरचे ९. नव्वदावा दिवस ९ सप्टेंबर. आजींच्या मुलाने नोटिशीच्या तारखेपासून मोजून ३१ ऑगस्ट काढला होता, ती चूक निदान सुरक्षित बाजूची होती. याच्या उलट चूक म्हणजे "तीन महिने" मोजणं, ११ जून ते ११ सप्टेंबर, त्यात दोन दिवस हातचे जातात. कॅलेंडरवर नव्वदाव्या दिवसाला लाल गोल करा पण पैसे त्याच्या दोन-तीन आठवडे आधी निघाले पाहिजेत, कारण मालक घेत नाही, पाकीट परत येतं, परत पाठवावं लागतं, हे सगळं त्याच दिवसांत बसवायचं असतं.

किती भरायचं हा दुसरा प्रश्न, आणि इथे रक्कम तोडून बघायची. त्या ९० दिवसांच्या नोटिशीत मागायचं असतं ते भाडं आणि कायद्याने परवानगी असलेली वाढ. वकिलाची ५,००० फी त्यात बसत नाही. रोजचे ५०० पण नाहीत, ते कोर्टाने ठरवायचं असतं, वकिलाने लिहून लागू होत नाही. व्याजाचा १८ टक्के हा आकडाही त्या कलमात कुठे नाही, तिथे १५ टक्के सरळव्याज आहे आणि तेही पुढच्या टप्प्यावर, ज्याबद्दल खाली सांगते. राहिला कर, त्याची पालिकेची बिलं आणि तुमच्या वाट्याचा हिशोब लेखी मागायचा. भाडंच वाढवून मागितलं असेल, म्हणजे तुम्ही ४०० देताय आणि नोटीस ६२० म्हणतेय, तर कलम ११ मध्ये वर्षाला ४ टक्के वाढ आहे, ४०० चे एका वर्षात ४१६ होतात, ६२० कसे झाले ते त्यांनी दाखवायचं.

मग आजींचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात सप्टेंबर २०२३ पर्यंतच्या भाडेपावत्या निघाल्या, जुन्या मालकाच्या सहीच्या. म्हणजे नोटिशीत एप्रिल २०२३ पासून थकबाकी लिहिली होती ती सहा महिने चुकलेली, २,४०० रुपये कमी. खरी थकबाकी ऑक्टोबर २०२३ ते मे २०२५, २० महिने, ८,००० रुपये. पुढे अजून एक गोष्ट निघाली. नव्या मालकाचं खरेदीखत होतं २० जानेवारी २०२४ चं (नोटिशीत दुसऱ्याच परिच्छेदात तारीख होती, कोणी बघितली नव्हती). खरेदीआधीची थकलेली रक्कम नव्या मालकाला आपोआप मागता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ मध्ये तसं आहे, खरेदीखतात तो हक्क वेगळा लिहून दिला असेल तर गोष्ट निराळी. आणि वाडा विकल्याचं माहीत नसताना तुम्ही जुन्या मालकाला भाडं दिलं असेल तर ते परत द्यावं लागत नाही. म्हणून नोटिशीत खरेदीखताचा नंबर आणि तारीख असेल तर आधी त्याची नक्कल मागा, किंवा नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, काढा. तुमच्याकडे "वाडा विकला म्हणे" एवढंच आहे, त्यामुळे तुमचं पहिलं काम हेच.

एवढं सगळं बरोबर असूनही आम्ही ८,००० वर अडून बसलो नाही. १४,३०० च्या १४,३०० चा डिमांड ड्राफ्ट काढला, सोबत पत्र, की ही रक्कम हक्क राखून, अंडर प्रोटेस्ट देत आहोत, सप्टेंबर २०२३ पर्यंतच्या पावत्या आमच्याकडे आहेत, खरेदीखताची नक्कल आणि कराची बिलं द्या, आणि यापुढचं भाडं कुठल्या खात्यात भरायचं ते कळवा. काही वकिलांना हे पटणार नाही, म्हणतील देणं नसलेलं का द्यायचं. माझं मत असं की सहा हजारांच्या वादासाठी पेठेतल्या दोन खोल्या पणाला लावू नयेत. रक्कम लाखांत असती तर मी वेगळा विचार केला असता. व्याज आणि फी मात्र दिली नाही.

ड्राफ्टचं पाकीट दहा दिवसांत परत आलं, "घेण्यास नकार". हे असं होतंच, कारण काही मालकांना भाडं नको असतं, घर हवं असतं. ते पाकीट उघडू नका. बंद, शिक्क्यासकट, तसंच ठेवा, कोर्टात सगळ्यांसमोर उघडलं की आतल्या ड्राफ्टवरच्या तारखेने तुमची तयारी सिद्ध होते. उघडून परत चिकटवलेलं पाकीट घेऊन येणारे पण बघितलेत मी, त्याचा काही उपयोग नाही. फक्त ड्राफ्ट तीन महिनेच चालतो हे लक्षात ठेवा, म्हणजे ड्राफ्टची झेरॉक्स पाठवण्याआधीच काढायची आणि पुढच्या महिन्यांचं भाडं पाठवत राहायचं, एकदा नाकारलं म्हणून थांबायचं नाही.

आणि समजा ९० दिवस हुकले? तरी सगळं संपत नाही. दावा लागला आणि कोर्टाचं समन्स हातात पडलं की त्या दिवसापासून परत ९० दिवस असतात, त्यात तोपर्यंतचं सगळं थकलेलं भाडं १५ टक्के सरळव्याजासकट भरायचं, कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च द्यायचा, आणि मग दावा संपेपर्यंत दर महिन्याला कोर्टात भाडं भरत राहायचं. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात. पहिली रक्कम धावपळ करून भरतात आणि मग वर्षभर भरत नाहीत, आणि जे वाचलं असतं ते तिथे जातं. पुण्यात हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात, मुंबईतही तसंच, बाकी ठिकाणी सहसा कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांसमोर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे ९० दिवस वाचून लोक निर्धास्त होतात आणि मग अडकतात. ती मुदत फक्त थकबाकीच्या कारणाला आहे. पोटभाडेकरू, घर बंद ठेवणं, मालकाला स्वतःला गरज, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, ही कारणं कलम १६ मध्ये येतात आणि त्यांना ९० दिवस थांबायची अट नाही, दावा उद्याही लागू शकतो. पैसे भरून ती कारणं मिटतही नाहीत. म्हणून नोटिशीच्या आरोपांच्या भागात ही कुठली कारणं आहेत त्याची वेगळी यादी करायची, मागणीत त्यांच्यासाठी काही लिहिलेलं नसलं तरी.

भाच्याचं घ्या. भाचा शिकायला आलाय, तुमच्यातच जेवतो, भाडं देत नाही, तर तो पोटभाडेकरू नाही. पण उत्तरात कोणीतरी सहज लिहितं "तो थोडेफार पैसे देतो घरात", आणि ते वाक्य मग पुढची दहा वर्षं मालकाचा वकील वाचून दाखवतो. घर बंद असल्याचा मुद्दा वेगळ्या पद्धतीने मोजतात. कायदा म्हणतो दावा लावण्याच्या लगेच आधीचे सलग सहा महिने घर सबळ कारणाशिवाय वापरात नसलं पाहिजे, म्हणजे मोजणी नोटिशीपासून नाही, दाव्याच्या तारखेपासून मागे. आजी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे चार महिने होत्या. हॉस्पिटलचे कागद, विजेची बिलं (युनिट किती पडलेत ते बघतात), गॅसच्या टाकीच्या पावत्या, दुधवाल्याची वही, हे सगळं काढलं आणि आजींना परत घरी आणलं. तुमची एखादी खोली कुलूप लावून पडलेली असेल तर नोटीस आलेल्या आठवड्यातच ती वापरात आणा.

नोटिशीत "धोकादायक" शब्द दिसला तर सोबत पालिकेची नोटीस जोडलीय का बघा, त्याची मुदत पूर्ण निराळी आणि कधीकधी फार थोडी असते, तिकडे आधी धावायचं.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक, हे सगळं जुन्या भाडेकरूंसाठी. तुम्ही ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर असाल आणि मुदत संपली असेल तर हे ९० दिवस तुमचे नाहीत. तिथे कलम २४, काम सक्षम प्राधिकाऱ्यापुढे, मुदतीनंतर राहिलात तर दुप्पट दराने नुकसानभरपाई, आणि त्यांचं समन्स आलं की ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते, नाहीतर मालकाचं म्हणणं खरं धरलं जातं. म्हणून नोटिशीत तुम्हाला "टेनंट" म्हटलंय का "लायसेन्सी" ते पहिल्या पानावर बघा, आणि तुमच्याकडच्या कागदाशी ताडून बघा, कारण कधीकधी चुकून नाही तर मुद्दामच दुसरा शब्द लिहिलेला असतो.

उत्तर द्यायचं का? द्यायचं. ठरावीक दिवसांत दिलंच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही, पण गप्प राहिलात तर पुढे "तेव्हा का नाही बोललात" हे विचारतातच. मी सहसा नोटिशीत लिहिलेल्या १५ दिवसांच्या आतच एक छोटं उत्तर पाठवते, की नोटीस अमुक तारखेला मिळाली, आरोप मान्य नाहीत, अमुक कागद द्या, सविस्तर उत्तर नंतर देऊ. त्यात मिळाल्याची तारीख लिहिणं महत्त्वाचं. आणि तोवर मालकाशी व्हॉट्सअॅपवर "काका जरा थांबा, पुढच्या महिन्यात सगळं देतो" असले मेसेज करू नका, ते थकबाकीची कबुली म्हणून छापून येतात.

आजींवर दावा लागलाच, ऑक्टोबरमध्ये. पण त्यात थकबाकीचं कारण घातलेलं नाही, फक्त पोटभाडेकरू आणि मालकाची गरज. तो चालू आहे.

तुमच्या पाकिटावरची डिलिव्हरीची तारीख आणि "कॉल अपॉन"पासून पुढचा परिच्छेद, नावं काढून, इथे टाइप करा. नव्वदावा दिवस मोजून सांगते.